आवक वाढली म्हणजे पुरवठा वाढला का? चाळीतल्या एका रात्रीची गोष्ट



एरवी या पानावर रोपं, फवारणी आणि पावसाचं लिहितो. आज अर्थशास्त्राचं लिहितोय. घाबरू नका, सगळं कांद्यातूनच जाणार आहे.

मी आणि बापू, आमची दोघांची पस्तिशी कधीच उलटली. दोन वर्षांपूर्वी आम्ही पोरांच्या बरोबरीनं दूरशिक्षणाच्या कृषी पदवीला नाव घातलं. दर महिन्याला एका रविवारी अभ्यासकेंद्रावर तास असतात, आणि मागच्या रविवारी कृषी अर्थशास्त्राची दहा मार्कांची क्विझ होती. विषय होता पुरवठा. शनिवारी रात्री जेवण करून मी बापूच्या चाळीवर गेलो. त्याला सोमवारी ट्रॉली भरायची होती, म्हणून निवड चालू होती. खाद एकीकडे, गोल्टी दुसरीकडे, आणि मध्ये पुस्तक उघडं.

"अप्पा, मला एक कळत नाय," बापू म्हणाला. "हे पुस्तक म्हणतंय भाव वाढला की पुरवठ्याचा 'विस्तार' होतो. आणि पुढच्याच पानावर म्हणतंय पुरवठ्यात 'वृद्धी' होते. विस्तार काय न् वृद्धी काय, एकच ना? शेवटी बाजारात माल जास्तच आला ना?"

मीही आदल्या रात्रीपर्यंत तेच समजत होतो. पण या एका गोंधळापायी बापूचे एका वर्षी पैसे गेले होते. ते मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं, पण दोघांनी त्याला हे नाव कधी दिलं नव्हतं. त्याच्याकडे नंतर येतो.

मी म्हणलं, "पहिलं सांग, पुरवठा म्हणजे तुझ्या चाळीत आहे तेवढा माल का?"

"हो."

"नाय. तो साठा. पुरवठा म्हणजे अमुक भावाला अमुक दिवसांत तू विकायला तयार आहेस तेवढा माल. भाव आणि वेळ, दोन्ही सांगितल्याशिवाय पुरवठ्याचा आकडा सांगताच येत नाय."

मग आम्ही आमच्या वस्तीवरची पाच घरं धरली. पाचही घरांत उन्हाळ कांद्याच्या चाळी आहेत, आणि कोण किती भावाला हलतो हे आम्हाला तोंडपाठ. वहीत लिहिलं: एका आठवड्यात ही पाच घरं मिळून किती कांदा मार्केटला नेतील? क्विंटलला 1200 रुपये भाव असेल तर 60 क्विंटल. ज्याला पैशाची नड आहे तोच जाणार. 1600 झाला तर 110. 2000 झाला तर 170. 2400 झाला तर 220, कारण तेव्हा आमचा थोरला चुलताही चाळीचं दार उघडतो, आणि तो शेवटी उघडणाऱ्यांपैकी आहे.

हे चार ठिपके जोडले की पुरवठ्याची रेघ तयार होते. भाव उभ्या बाजूला, माल आडव्या बाजूला. रेघ डावीकडून उजवीकडे वर चढते.

"आता समज," मी म्हणलं, "बाहेरच्या राज्यातले व्यापारी खरेदीला उतरले आणि भाव 1600 वरून 2000 झाला. आपल्या पाच घरांत काही बदललं का? चाळ तीच, माल तोच, देणेकरी तेच."

"काहीच नाय बदललं."

"तरी 110 चे 170 क्विंटल झाले. का झाले?"

"भाव वाढला म्हणून."

"बास. रेघ जागेवरच राहिली, आपण तिच्यावरून वर चढलो. याला पुस्तक विस्तार म्हणतं. भाव उतरला की त्याच रेघेवरून खाली यायचं, तो संकोच. दोन्हीत कारण एकच, त्या मालाचा त्या वेळचा स्वतःचा भाव. बाकी सगळं जसंच्या तसं."

बापूनं एक कांदा दाबून बघितला. मान मऊ लागली, खादेत टाकला. "आणि वृद्धी?"

"तुझ्या हातात आत्ता होता तोच वृद्धीच्या उलटा, ऱ्हास."

या वर्षी ऑगस्टची झड आठवत असेल. पाचही चाळींत काजळी आली, खालच्या थरांना पाणी सुटलं. आम्ही तीच चार भावांची यादी पुन्हा काढली, सडल्यानंतरची. 1200 ला आता 40 क्विंटलच निघतील. 1600 ला 80, 2000 ला 125, 2400 ला 165. भाव कुठलाही घ्या, माल पहिल्यापेक्षा कमीच. म्हणजे अख्खी रेघच उचलून डावीकडे गेली. हा पुरवठ्यातला ऱ्हास. आणि याच्या उलट, कुणी हवा खेळती राहणारी चांगली चाळ बांधली, किंवा चांगल्या वाणामुळं एकरी उतारा वाढला आणि त्याच खर्चात जास्त माल हाती आला, तर कुठल्याही भावाला जास्त माल निघतो. रेघ उजवीकडे जाते. ती वृद्धी.

इथं एक चकवा आहे, पोरं त्यात हमखास फसतात. उभ्या बाजूला भाव असल्यामुळं रेघ डावीकडे सरकली की कागदावर ती वर गेल्यासारखी दिसते. वर गेली म्हणजे वाढली असं वाटतं, आणि झालेली असते घट. म्हणून वर-खाली बघायचंच नाय. भावावर बोट ठेवायचं आणि आडवं जायचं. त्याच भावाला माल कमी की जास्त, एवढंच विचारायचं.

बापूनं खरंच 1600 वर बोट ठेवलं. "110 चे 80. म्हणजे रेघ हलली." मग बोट 2000 वर. "170 चे 125. हलली." त्याला ही युक्ती आवडली. पुढं रात्रभर तो कुठल्याही प्रश्नाला आधी बोट ठेवायचा.

खरी गंमत पुढं झाली. मी विचारलं, "झडीआधी भाव 1600 होता, आपले 110 क्विंटल जात होते. झडीनंतर सगळीकडंच कांदा सडला, काही भागांत आपल्यापेक्षा जास्त. भाव 2000 झाला, आणि आपल्या पाच घरांतून 125 क्विंटल गेले. आता सांग, आपला पुरवठा वाढला का कमी झाला?"

"110 चे 125. वाढला की!"

"बोट ठेव."

त्यानं 2000 वर बोट ठेवलं आणि गप्प झाला. मग वहीत ओढत ओढत दोन पावलं काढली. पहिलं पाऊल, भाव 1600 वर धरून ठेवायचा आणि फक्त सड मोजायची: 110 चे 80, तीस क्विंटल गेले. ही रेघ हलली. दुसरं पाऊल, नव्या रेघेवरून 1600 ते 2000 चढायचं: 80 चे 125, पंचेचाळीस आले. हे रेघेवरचं चालणं. तीस गेले, पंचेचाळीस आले, नजरेला दिसले फक्त जास्तीचे पंधरा. अख्ख्या बाजारची आवक घटली होती म्हणूनच तर भाव चढला. आपल्या वस्तीची नुसती आवक बघणारा माणूस मात्र म्हणणार, यांच्याकडं पुरवठा वाढला.

बापूनं पेन खाली ठेवलं. "अप्पा, दोन वर्षांपूर्वी मी हेच केलं ना रे."

हेच केलं होतं. त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी मार्केटची आवक रोज वाढत होती. बापूनं हिशेब केला, पुरवठा वाढतोय, म्हणजे आता भाव पडणार. आणि 1650 नं सगळी चाळ रिकामी केली. पण त्या दिवसांत आवकेबरोबर भावही चढत होता, हे त्यानं जमेत धरलंच नाय. महिन्याभरानं त्याच मार्केटला 2300 चा भाव निघाला. बँकेचा हप्ता राहिला तो त्याच वर्षी, आणि वहिनींचं मंगळसूत्र गहाण पडलं तेही त्याच वर्षी. हे लिहिण्याची परवानगी त्यानं दिलीय, म्हणाला, "लिही, दुसऱ्या कुणाचं तरी वाचेल."

म्हणून लिलावात उभं राहून आकडे कसे वाचायचे ते सांगतो. आवक वाढतेय आणि भावही वाढतोय, तर मुख्यतः घेणाऱ्यांची रेघ हललीय, म्हणजे मागणी वाढलीय, आणि शेतकरी आपल्या जागच्या रेघेवरून वर चढतायत. आवक वाढतेय आणि भाव पडतोय, तर विकणाऱ्यांची रेघ उजवीकडं आलीय. लाल कांदा सुरू झाला की बहुतेक हेच दिसतं. आवक कमी आणि भाव जास्त, तर माल सडलाय किंवा लोकांनी दाबून धरलाय. आवकही कमी, भावही कमी, तर घेणारा मागं सरलाय. दोन्ही रेघा एकाच वेळी हलू शकतात, तेव्हा हे गणित ढोबळच राहतं, आणि उद्याचा भाव तर ते सांगतच नाय. पण आवक एकटी बघून निर्णय घेण्यापेक्षा बरं. बापूला तेव्हा एवढं माहीत असतं तर त्यानं निदान अर्धी चाळ ठेवली असती.

रात्रीचे साडेदहा झाले. वहिनींनी चहा पाठवला. बापूनं त्याचा आजचा प्रश्न काढला. सध्याचा भाव 1800. चाळीत चांगला माल 90 क्विंटल. त्याच्या मनात, दिवाळीपर्यंत भाव वाढेल, तोवर थांबावं.

"आता बघ," तो म्हणाला, "मी भावामुळंच थांबतोय. भाव कारण आहे, म्हणजे हे रेघेवरचं चालणं. बरोबर ना?"

मला वाटतं अख्ख्या धड्यातली सगळ्यात अवघड जागा हीच. कारणात 'भाव' हा शब्द आला की माणूस डोळे मिटून विस्तार-संकोच लिहून मोकळा होतो. पण कुठला भाव? आजचा 1800 कालही होता. काल तू 1800 ला ट्रॉली भरणार होतास, आज 1800 लाच भरत नाहीस. बोट 1800 वर ठेव. त्याच भावाला माल कमी झाला, म्हणजे रेघ डावीकडे हलली. कारण आहे उद्याच्या भावाची अपेक्षा, आणि अपेक्षा ही आजच्या रेघेसाठी बाहेरची गोष्ट. तसंच दुसऱ्या पिकाचा भाव. मक्याला चांगला भाव बघून कुणी कांद्याचं रान मक्याला दिलं, तर कांद्याच्या भावात फरक नसतानाही कांद्याची रेघ डावीकडे जाते. तिथंही 'भाव' आहे, पण मक्याचा.

(आता थोडं विषय सोडून. थांबायचं तर सडीचा हिशेब करून थांबा. दीड महिन्यात 90 पैकी पंधरा टक्के गेले असं धरलं, तर उरतात साडेशहात्तर क्विंटल. आजच्या 1800 नं मिळणारे एक लाख बासष्ट हजार त्या साडेशहात्तरांतून काढायचे, तर भाव किमान 2118 लागतो. मजुरी आणि व्याज अजून धरलेलंच नाय.)

बापूनं आणखी एक काढलं. "समजा आज भाव फुटला 4000 ला. मी पेटून उठलो आणि यंदा दुप्पट लागण केली. मग?"

"आज रोप टाकलंस तर लागणीला येईपर्यंत दीड महिना. लागणीपासून काढणी चार महिने. तो माल आजच्या 4000 ला विकायला मिळणारच नाय. आजच्या रेघेवर वर चढायला तुझ्याकडं फक्त चाळीतला माल. म्हणून थोड्या दिवसांची रेघ इतकी खडी असते. भाव दुप्पट झाला तरी चाळीतला माल दुप्पट होत नाय. लागण वाढवलेली दिसणार ती पुढच्या उन्हाळ्याच्या रेघेत. तेव्हा भाव काहीही असो, रान आधीच भरलेलं, म्हणून ती रेघ उजवीकडे गेलेली. आणि सगळ्या गावांनी तेच केलेलं असतं."

"आणि भाव 600," बापू म्हणाला. ते त्याला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती.

रविवारी सकाळी क्विझ झाली. दहातले आठ प्रश्न सोपे. एक चूक-बरोबरचा होता: 'टोमॅटोचा भाव वाढल्यास टोमॅटोच्या पुरवठ्यात वृद्धी होते.' बापूनं चूक लिहिलं, कारण तो विस्तार. शेजारच्या बारावी झालेल्या पोरानं बरोबर लिहिलं आणि बाहेर येऊन कपाळाला हात लावला.

वाद झाला तो शेवटच्या प्रश्नावर. 8 डिसेंबर 2023 ला केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली, ती उठली मे 2024 मध्ये. प्रश्न असा, 'निर्यातबंदीनंतर भाव पडले व शेतकऱ्यांनी बाजारात कमी माल आणला. शेतकऱ्यांच्या पुरवठा वक्राचे काय झाले?' मी संकोच लिहिलं. लिलावातून निर्यातदार गेला, म्हणजे मागणीची रेघ डावीकडे, भाव खाली, आणि आपण आपल्या जागच्या रेघेवरून खाली उतरलो. आपल्या शेतात किंवा खर्चात त्या दिवशी काही बदललं नव्हतं.

बापूनंही तेच लिहिलं, पण तास संपल्यावर उठून उभा राहिला. "मॅडम, पण मुंबईत भाजी घेणाऱ्याच्या बाजूनं बघितलं तर? जो कांदा बोटीत जाणार होता तो देशातच राहिला. त्याच्यासाठी त्याच भावाला माल वाढला. मग तिकडं रेघ उजवीकडे नाय का गेली?"

मॅडम क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, बरोबर आहे, देशांतर्गत बाजाराचा पुरवठा म्हणून काढला तर तो वक्र उजवीकडे जातो. प्रश्नात 'शेतकऱ्यांच्या' असं लिहिलंय, म्हणून उत्तर संकोच. वक्र कुणाचा आणि कुठल्या बाजाराचा, हे आधी ठरवायचं. मग त्यांनी स्वतःच विचारलं, "त्या डिसेंबरात तुम्ही आवक फार कमी केली होती का?"

वर्गात अर्ध्यांहून जास्त लोक कांदेवाले. मागच्या बाकावरून एक काका म्हणाले, "कुठून करणार मॅडम? लाल कांदा होता. तो चाळीत टिकतो का? 1200 द्या नायतर 800 द्या, न्यावाच लागतो." लिलाव बंद होते तेवढे दिवस माल थांबला, सुरू झाल्यावर पुन्हा रांगा. म्हणजे लाल कांद्याची रेघ जवळजवळ उभीच. भाव कितीही उतरला तरी माल फारसा मागं येत नाय. उन्हाळ कांद्याला चाळ आहे, म्हणून त्याची रेघ जरा आडवी, आणि म्हणूनच त्याला भाव बघून थांबता येतं. मॅडमनी फळ्यावर दोन्ही रेघा शेजारी शेजारी काढल्या. मी वहीत तेवढ्या उतरवून घेतल्या.

बापूला दहापैकी नऊ पडले, मला आठ. सोमवारी त्यानं तीस क्विंटलची एक ट्रॉली नेली, साठ चाळीत ठेवले. भाव 1830 लागला. त्या दिवशी मार्केटला आवक आदल्या सोमवारपेक्षा जास्त होती आणि भावही चढा होता. ट्रॉलीवरून उतरल्या उतरल्या त्यानं मला फोन केला, पण भाव सांगायच्या आधी आवकेचा आकडा सांगितला.